‘जॉब सुटला तर?’ : एक शीर्षक, दोन प्रेक्षक

भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी एकोणीस वर्षं टर्नर होतो. माझं औपचारिक शिक्षण आयटीआयपुरतं. पुढचं जे काही वाचन झालं ते रात्रपाळीनंतर आणि नोकरी सोडल्यावर. भाषेच्या अभ्यासाकडे मी वळलो तो विद्यापीठातून नव्हे, कारखान्यात ऐकलेल्या शब्दांच्या मागून. त्यामुळे या लेखातला मुख्य शब्दही कारखान्यातलाच आहे. तो शब्द म्हणजे ‘जॉब’.

लेथवर जो लोखंडाचा, पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा तुकडा कातायचा असतो त्याला आमच्याकडे जॉब म्हणतात. जॉब चकमध्ये पकडायचा, सेंटरला घ्यायचा, फिरवून बघायचा आणि मग टूल लावायचं. पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढे वाहनांचे कारखाने आले, त्यांच्या मागून भोसरीची वर्कशॉपं आली आणि 2009 साली फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला सुरू झाला. या सगळ्या काळात इथली कामाची भाषा कानावरून कानावर गेली. कोल्हापूरचा फोरमन, बार्शीचा टर्नर, बलियाचा फिटर आणि गंजामचा हेल्पर या सगळ्यांच्या तोंडी जॉब म्हणजे तोच तुकडा. नोकरी या अर्थानेही हा शब्द आम्ही वापरतोच, पण मशीनपुढे उभं असताना कुणाचा घोटाळा होत नाही. हात कुठे आहे त्यावरून अर्थ कळतो.

माझा एक जुना सहकारी गेली काही वर्षं लेथकामाचे व्हिडिओ करतो. त्याचं नाव इथे देत नाही. ज्या मंचावर तो व्हिडिओ टाकतो त्याचंही नाव देत नाही, कारण हा घोटाळा एका मंचापुरता नाही. त्याचा एक व्हिडिओ साडेअकरा मिनिटांचा आहे. शीर्षक त्यानेच मराठीत लिहिलं होतं : ‘जॉब पकडताना होणाऱ्या 5 चुका | चाकण एमआयडीसी’. गावाचं नाव घालण्याचं कारण साधं होतं. आसपासची मुलं शोधताना चाकण हा शब्द टाकतात, हे त्याला माहीत होतं.

व्हिडिओ उत्तम आहे. चार स्वतंत्र जबड्यांच्या चकमध्ये जॉब कसा मध्यावर आणायचा ते त्याने डायल लावून दाखवलं आहे. समोरासमोरच्या दोन जबड्यांवर डायलचा काटा 0.40 मिलिमीटरचा फरक दाखवत असेल, तर जॉब 0.20 नेच सरकवायचा, कारण जॉब जितका बाजूला असतो त्याच्या दुप्पट फरक काट्यावर दिसतो. नवी मुलं इथेच चुकतात : पूर्ण 0.40 सरकवतात, मग काटा उलट्या बाजूला जातो आणि अर्धा तास त्यातच जातो. पाचवी चूक त्याने मुद्दाम शेवटी ठेवली आहे. ती म्हणजे चकची चावी चकमध्येच विसरून मशीन चालू करणं.

हा व्हिडिओ टाकल्यावर काही दिवसांनी त्याचा मला फोन आला. आवाज चढलेला होता. “अरे, मी कुठं नोकरीचं बोललो? हिंदी पोरं मला फसव्या म्हणतायत.”

त्याच्या व्हिडिओखाली एक हिंदी प्रतिक्रिया होती : ‘टाइटल में नौकरी, वीडियो में मशीन। लोगों का टाइम क्यों खराब करते हो।’ अशाच अर्थाच्या आणखी दोन-तीन होत्या. आम्ही दोघांनी त्याच्या फोनवर शीर्षक पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात नोकरी कुठेही नव्हती.

उलगडा झाला तो घरी गेल्यावर, तीन फोन शेजारी ठेवले तेव्हा. माझ्या फोनची भाषा मराठी आहे, पुतण्याच्या फोनची इंग्रजी आणि भाडेकरूच्या फोनची हिंदी. तिन्हींवर तोच व्हिडिओ उघडला. माझ्याकडे मूळ शीर्षक दिसलं. पुतण्याकडचं इंग्रजी शीर्षक मराठीत सांगायचं तर ‘नोकरी मिळवताना होणाऱ्या 5 चुका’ असं होतं. आणि भाडेकरूच्या फोनवर होतं : ‘नौकरी पाते समय होने वाली 5 गलतियाँ | चाकण एमआईडीसी’.

चाकणमध्ये कामाच्या शोधात आलेल्या मुलाला याहून आकर्षक शीर्षक कुणी जाणूनबुजून लिहिलं असतं तरी जमलं नसतं.

हे शीर्षक तयार कसं होतं, ते क्रमाने पाहू. व्हिडिओ टाकताना कर्ता शीर्षकाची भाषा नोंदवतो. नोंदवली नाही तर यंत्रणा ती अंदाजाने ठरवते. मग प्रेक्षकाची भाषा ठरते. ती त्याच्या तोंडातली भाषा नसते, तर त्याच्या फोनची किंवा खात्याची निवडलेली भाषा असते. माझा पुतण्या घरात मराठीच बोलतो, पण फोन घेतला तेव्हा त्यात इंग्रजी होती आणि ती त्याने कधी बदलली नाही. म्हणून मराठी माणसाचा मराठी व्हिडिओ मराठी मुलाला इंग्रजी शीर्षकाने दिसतो. पुतण्याला वाटत होतं की काकांचे मित्र हल्ली इंग्रजीत शीर्षकं देतात. दोन भाषा जुळल्या नाहीत आणि त्या मंचावर ही सोय चालू असली, की यंत्र शीर्षकाचं भाषांतर करतं आणि मूळ शीर्षकाच्या जागी तेच दाखवतं.

‘जागी’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. प्रतिक्रियेच्या बाबतीत असं होत नाही. प्रतिक्रिया आधी मूळ भाषेत दिसते, तिच्याखाली भाषांतराची कळ असते, वाचक ती दाबतो, भाषांतर वाचतो आणि हवं तर पुन्हा मूळाकडे जातो. म्हणजे वाचकाने भाषांतर मागितलेलं असतं आणि आपण भाषांतर वाचतो आहोत हे त्याला ठाऊक असतं. शीर्षक मात्र न मागता बदललेलं येतं, आणि बहुतेक वेळा आपण बदललेलं शीर्षक वाचतो आहोत याची खूणही जवळ नसते. वाचणाऱ्याला ते कर्त्याचंच वाक्य वाटतं.

फ्रेंच समीक्षक जेरार जेनेत यांनी 1987 साली एक अख्खं पुस्तक शीर्षक, अर्पणपत्रिका, प्रस्तावना, मलपृष्ठ अशा गोष्टींवर लिहिलं आणि त्याला नाव दिलं ‘उंबरठे’. मजकुरात शिरण्याआधी वाचक जिथे क्षणभर थांबतो आणि आत जायचं की परतायचं हे ठरवतो, ती ही जागा. व्हिडिओच्या बाबतीत हा उंबरठा पुस्तकापेक्षा अरुंद असतो : एक चित्र आणि एक ओळ. यूट्यूबवर शीर्षकाला जास्तीत जास्त 100 अक्षरचिन्हांची मर्यादा आहे. तेवढ्यात कर्ता एक वचन देतो आणि प्रेक्षक त्या वचनाच्या भरवशावर वेळ देतो. माझ्या मित्राच्या उंबरठ्यावर दुसऱ्याच कुणीतरी दुसरंच वचन लिहून ठेवलं होतं. ते मोडल्याचा जाब मात्र मित्राला द्यावा लागत होता.

शीर्षक बदलणं हा आपल्याकडे गुन्हा कधीच नव्हता, हे इथे सांगितलं पाहिजे. आगरकरांनी 1883 साली ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं. देवलांनी 1890 मध्ये ‘ऑथेल्लो’चा ‘झुंजारराव’ केला. ही शीर्षकं मूळापासून ‘नौकरी’पेक्षाही दूर गेलेली आहेत. पण ‘विकारविलसित’वर आगरकरांचं नाव आहे. हे रूपांतर आहे हे वाचकाला माहीत होतं, ते पटलं नाही तर कुणाला बोल लावायचा हेही माहीत होतं. बदललेलं शीर्षक आणि बदलणाऱ्याची सही या दोन गोष्टी बरोबर चालत. यंत्राच्या शीर्षकात पहिली आहे, दुसरी नाही. माझ्या मते तक्रार चुकीच्या शब्दाबद्दल असण्याआधी या गैरहजर सहीबद्दल असायला हवी.

आता शब्दाकडे येतो. गंमत अशी की मराठीतून हिंदीत जाताना ‘जॉब’ला हात लावण्याची गरजच नव्हती. हिंदी कारागीरही जॉबला जॉबच म्हणतो. ‘जॉब पकड़ते समय होने वाली गलतियाँ’ असं शब्दाला शब्द ठेवलं असतं तरी खरादवर काम केलेल्या कुठल्याही हिंदी माणसाला ते कळलं असतं. मग ‘नौकरी’ आली कुठून? हिंदी शीर्षक मराठीशी ताडून पाहिलं तर उत्तर मिळत नाही. पुतण्याच्या फोनवरच्या इंग्रजीशी ताडलं की लगेच मिळतं. ‘पकडणे’चं ‘मिळवणे’ इंग्रजीत झालं आहे आणि हिंदीतलं ‘पाना’ तिथूनच उतरलं आहे. मराठी आणि हिंदी या शेजारणी, पण त्यांची ही बोलाचाली इंग्रजीच्या घरातून झाली.

याचं कारण ही यंत्रं शिकतात कशी त्यात आहे. एकाच वाक्याची दोन भाषांतली रूपं, अशा लाखो जोड्या त्यांना दिल्या जातात. भारतीय भाषांसाठी मिळणाऱ्या जोड्यांपैकी बहुतेकींत एक बाजू इंग्रजीची असते. मद्रास आयआयटीतल्या एआयफोरभारत या गटाने 2021 मध्ये ‘समानांतर’ नावाचा असा मोठा संग्रह खुला केला. त्यातल्या इंग्रजी-मराठी जोड्या इंग्रजी-हिंदी जोड्यांच्या निम्म्याहूनही कमी आहेत. शिवाय अशा संग्रहांतलं मराठी येतं कुठून? बातम्यांतून, सरकारी निवेदनांतून, अभ्यासक्रमाच्या साहित्यातून. म्हणजे लिहिलेल्या मराठीतून. लिहिलेल्या मराठीत ‘जॉब’ हा शब्द भरतीच्या बातमीत येतो. लेथवरचा जॉब कुणी लिहीतच नाही. तो बोलला जातो. यंत्र शब्दाचा अर्थ शेजारच्या शब्दांवरून आणि आधी पाहिलेल्या वाक्यांवरून ठरवतं. या शीर्षकात शेजारी चक नव्हता, लेथ नव्हतं. होतं ते ‘चाकण एमआयडीसी’. भरतीच्या बातमीत जे शब्द हमखास येतात तेच. यंत्राने त्याला दिलेल्या मराठीप्रमाणे बरोबरच अर्थ लावला. त्याला दिलेल्या मराठीत आमच्या पन्नास-साठ वर्षांच्या कामाची भाषा नव्हती, एवढंच.

चित्राने त्यात भर घातली. व्हिडिओच्या चित्रावर मित्राने मोठ्या अक्षरांत ‘जॉब हलतोय?’ असं लिहिलं होतं. चित्रावरची अक्षरं हा चित्राचा भाग असतात. शीर्षकाबरोबर ती बदलत नाहीत. एरवी शीर्षक भाषांतरित आहे हे ओळखायची हीच सगळ्यात सोपी खूण असते : वर एक भाषा, चित्रात दुसरी. पण मराठी आणि हिंदीची लिपी एक. हिंदी वाचणाऱ्याने चित्रात ‘जॉब’ वाचलं, शीर्षकात ‘नौकरी’ वाचलं आणि त्याची खात्रीच पटली.

आता प्रतिक्रियांकडे जाऊ. शीर्षकाच्या घोटाळ्यावर कुणी हसून पुढे गेलं असतं. खरी बाब पुढे आहे.

त्या व्हिडिओखाली एका मराठी मुलाने विचारलं होतं : ‘दादा जॉब सुटला तर?’ चार शब्द. व्हिडिओ पाहिलेल्या मराठी माणसाला प्रश्न लख्ख कळतो. फिरत्या चकमधून जॉब निसटला तर काय करायचं, कुठे उभं राहायचं, आधी काय तपासायचं? हा भीतीतून आलेला प्रश्न आहे. दोन-तीन किलोचा तुकडा मिनिटाला काहीशे फेऱ्यांच्या वेगाने सुटलेला ज्याने पाहिला आहे, त्याला त्या भीतीची किंमत कळते. मी एकदा पाहिला आहे. तो समोरच्या पत्र्याच्या कपाटात शिरला होता.

हिंदी फोनवर मी त्या प्रतिक्रियेखालची कळ दाबली. आलं : ‘भाई, अगर नौकरी छूट गई तो?’

भाषांतराची ही कळ प्रत्येक प्रतिक्रिया सुटी घेते. वर कुठला व्हिडिओ चालला आहे, त्यात हातात चावी आहे की कागद, आधीच्या माणसाने काय लिहिलं, यातलं काहीही तिच्या हिशेबात नसतं. तिच्यापुढे चार शब्द होते, आणि मराठीत नोकरीही सुटते, जॉबही सुटतो. त्या चार शब्दांपुरतं पाहिलं तर भाषांतर चूक म्हणता येणार नाही.

त्याखाली एका हिंदी मुलाने आपुलकीने लिहिलं होतं : ‘भाई चाकण में कंपनी की कमी नहीं है, दूसरी मिल जाएगी। टेंशन मत लो।’ शीर्षक वाचून आलेल्या आणि प्रश्न हिंदीत वाचलेल्या माणसाने याहून चांगलं काय लिहायचं? तो अनोळखी माणसाला धीर देत होता.

माझ्या मित्राने मराठीत ही कळ दाबली आणि वाचलं : ‘भाऊ, चाकणमध्ये कंपन्यांची कमी नाही, दुसरी मिळेल. टेन्शन घेऊ नकोस.’ आता हे वाक्य मराठी प्रश्नाखाली ठेवून वाचा. पोरगा विचारतोय, फिरता जॉब सुटून अंगावर आला तर? आणि उत्तर येतं, कंपन्या खूप आहेत, दुसरी मिळेल. मित्राला ती क्रूर थट्टा वाटली. “यांना माणसाच्या जिवाची पर्वा नाही,” असं तो मला म्हणाला. ‘यांना’ म्हणजे कुणाला, हे या पट्ट्यात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. त्याने ती प्रतिक्रिया लपवून टाकली. लिहिणाऱ्या हिंदी मुलाला ती का गेली हे कधी कळलं नसणार.

या देवघेवीतलं प्रत्येक भाषांतर सुटं घेतलं तर ठीक आहे. हिंदी उत्तराचं मराठी तर अचूकच आहे. तरी संवाद झाला नाही. एका जागी दोन संवाद झाले. एक लेथबद्दल आणि एक नोकरीबद्दल, आणि दोघांनाही वाटत राहिलं की आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतो आहोत. चुकीचं भाषांतर ओळखता येतं, कारण ते अडखळतं. हे अडखळत नव्हतं. म्हणूनच त्यातून निघालेला राग माणसांवर गेला, यंत्रावर नाही.

मी भाडेकरूला तो व्हिडिओ दाखवला. हा बिहारमधल्या सिवानकडचा मुलगा. महाळुंग्याच्या एका प्रेस शॉपमध्ये ठेकेदाराकडून हेल्पर आहे. तो दोन मिनिटं बघत राहिला, मग शीर्षक पुन्हा वाचलं आणि म्हणाला, “अंकल, हमको लगा इंटरव्यू का बताएगा।” मी त्याला जॉबचा अर्थ सांगायला लागलो तर तो हसला. प्रेसवरही जॉब म्हणतात, त्याला शब्द पाठ होता. शीर्षकात ‘जॉब’ असतं तर कळलं असतं का, असं विचारल्यावर म्हणाला, चित्र बघून कळलं असतं. मग ती चार शब्दांची प्रतिक्रिया त्याने हिंदीत वाचली आणि जरा थांबून म्हणाला, “ये तो हम भी लिखते।” त्याचं ठेक्याचं काम पुढच्या महिन्यात सुटणार होतं.

म्हणून ‘जॉब सुटणे’ हा केवळ शब्दश्लेष नाही. या पट्ट्यात दोन्ही सुटण्यांची भीती खरी आहे, आणि अनेकदा ती एकाच माणसाला असते. यंत्राने दोन भीतींपैकी एक निवडली. समोरासमोर, एका चहाच्या टपरीवर, या दोन मुलांनी अर्ध्या मिनिटात एकमेकांना समजून घेतलं असतं. एकाने हाताने चक फिरवून दाखवला असता आणि दुसऱ्याने मान हलवली असती.

मग भाषांतर करूच नये, शब्द तसेच ठेवावेत, असा निष्कर्ष काढायचा मोह मला झाला होता. त्याच प्रतिक्रियेतल्या पहिल्या शब्दाने तो मोडला. ‘दादा’चं यंत्राने ‘भाई’ केलं, आणि ते योग्य होतं. ‘दादा’ तसंच ठेवलं असतं तर हिंदी वाचकाला तो मुलगा आजोबांशी बोलतोय असं वाटलं असतं, कारण हिंदीत दादा म्हणजे वडिलांचे वडील. म्हणजे एकाच वाक्यात ‘दादा’ बदलायला हवा होता आणि ‘जॉब’ ठेवायला हवा होता. कुठला शब्द शेजारणीच्या घरी ओळखीचा आहे आणि कुठला तिथे वेगळ्या नात्याने राहतो, हे माहीत असणं म्हणजेच भाषांतर. इथल्या कारखान्यांतल्या कुणालाही ते विनासायास येतं. त्यांना कुणी विचारत नाही इतकंच.

एक काळ असा होता की विचारलं जात होतं. यूट्यूबवर प्रेक्षकांनी शीर्षकांची आणि उपशीर्षकांची भाषांतरं करून देण्याची सोय होती. ती 28 सप्टेंबर 2020 रोजी बंद झाली. वापर कमी आणि गैरवापर जास्त, असं कारण दिलं गेलं, आणि गैरवापर होत होता हे खरं आहे. डिसेंबर 2024 मध्ये त्याच मंचाने यंत्राने आवाज बदलून देणं मोठ्या प्रमाणावर सुरू केलं. पहिल्या यादीतल्या भाषांत हिंदी होती, मराठी नव्हती. माणसाने केलेल्या भाषांतराची जागा यंत्राने घेतली, त्या प्रवासात प्रेक्षकाची भूमिका कळ दाबण्यापुरती राहिली. कर्त्याकडे मात्र एक मार्ग अजून आहे : शीर्षक दुसऱ्या भाषेत स्वतः लिहून देणं. तसं लिहून दिलं की त्या भाषेत यंत्राच्या ओळीऐवजी कर्त्याची ओळ दिसते.

आम्ही तेच केलं. मित्र, भाडेकरू आणि मी, तिघांनी बसून हिंदी शीर्षक लिहिलं : ‘खराद मशीन : चक में जॉब पकड़ते समय 5 गलतियाँ’. ‘खराद’ हा शब्द भाडेकरूने सुचवला. आम्ही ‘लेथ’ लिहिणार होतो. तोही चालला असता, पण गावाकडे वडील खरादच म्हणतात, असं तो म्हणाला. मराठी शीर्षकातही मित्राने ‘लेथ’ आणि ‘चक’ हे शब्द पुढे आणले आणि ‘चाकण एमआयडीसी’ काढून टाकलं. इंग्रजी आम्ही लिहून दिली नाही, मुद्दाम. काही दिवसांनी पुतण्याच्या फोनवर पाहिलं तर नोकरी गेली होती आणि तिच्या जागी कातायच्या तुकड्याला इंग्रजीत जो शब्द आहे तो आला होता. शेजारी लेथ आणि चक दिसल्यावर यंत्रालाही अर्थ लागला. त्याला तो शब्द ठाऊक होता; आम्ही त्याला संदर्भ दिला नव्हता.

प्रतिक्रियांना हा उपाय लागू पडत नाही. चार शब्द लिहिणाऱ्या मुलाला ‘संदर्भासकट लिही’ असं कोण सांगणार? पण त्याचा प्रश्न तसाच पडला होता. या सगळ्या गोंधळात त्याला कुणीच उत्तर दिलं नव्हतं. मी ते मित्राच्या लक्षात आणून दिलं तेव्हा तो ओशाळला आणि तिथेच उत्तर लिहायला बसला.

त्याने लिहिलं ते थोडक्यात असं. चारही जबडे आळीपाळीने घट्ट केले आहेत का ते बघ. चकच्या बाहेर आलेली लांबी जाडीच्या साधारण तिपटीहून जास्त असेल तर दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकचा आधार दे. चावी काढून हातात घेतल्याशिवाय स्विचला हात लावू नकोस. आधी चक हाताने एक पूर्ण फेरी फिरवून बघ, मग कमी वेगावर चालू कर, आणि चालू करताना चकच्या रेषेत उभा राहू नकोस, बाजूला राहा. सुटलाच तर पकडायला जाऊ नकोस. मशीन बंद कर.

शेवटच्या वाक्यापाशी तो अडला. “सुटलाच तर, म्हणजे काय सुटलाच तर?” मला म्हणाला. “इथं जॉब लिहिलं की पुन्हा तेच होणार.” बराच विचार करून त्याने ‘लोखंडाचा तुकडा’ असं लिहिलं. संपूर्ण उत्तरात जॉब हा शब्द त्याने एकदाही वापरला नाही.

मी ते उत्तर हिंदी फोनवर उघडून कळ दाबली. ‘लोहे का टुकड़ा’ असं स्वच्छ हिंदी आलं. कुठेही घोटाळा नव्हता, सिवानचा मुलगा ते वाचून मान हलवत होता. मला बरं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण तीस वर्षं ज्या माणसाने जॉबला जॉब म्हटलं, त्याला एका शिकाऊ मुलाशी बोलताना तो शब्द गिळावा लागला. बाजूला बसलेल्या दोघांनाही तो शब्द कळत होता. विचारणाऱ्यालाही कळत होता, कारण तो त्यानेच वापरला होता.